स्वप्नातला खून कुणाच्या खात्यावर?

इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात सिसिली बेटावरच्या सिराक्यूजमध्ये डायोनिसियस नावाचा हुकूमशहा राज्य करत होता. त्याच्या मार्सियास नावाच्या सरदाराला एकदा स्वप्न पडलं, की आपण राजाचा जीव घेतो आहोत. हे राजाच्या कानावर गेलं आणि मार्सियासला देहदंड झाला. प्लूटार्क या ग्रीक चरित्रकारानं ही हकिगत नोंदवली आहे आणि राजाचं म्हणणंही दिलं आहे: दिवसा मनात घोळल्याशिवाय रात्री असं दिसेलच कसं?

हा युक्तिवाद आपल्याला परका नाही. मनी वसे ते स्वप्नी दिसे, असं आपण येताजाता म्हणतो. स्वप्नात माहेरचं अंगण दिसलं किंवा लेकाला नोकरी लागली, की ही म्हण गोड वाटते. स्वप्नात आपल्याच हातून कुणाचा गळा आवळला गेला, की मात्र तीच म्हण डायोनिसियसच्या सुरात बोलू लागते. त्यात आपण हरिश्चंद्राच्या गोष्टीवर वाढलेले. स्वप्नात दिलेलं राज्य त्यानं जागेपणी विश्वामित्राच्या पदरात घातलं. स्वप्नातलं दान जर आपलं, तर स्वप्नातलं पापही आपलंच असणार, हा हिशेब मनात कधी पक्का होतो ते कळतही नाही.

एक उदाहरण घेऊ. कल्पनेतलं आहे, पण अशी घरं प्रत्येकाच्या ओळखीत असतात. 45 वर्षांची एक बाई. सासूबाई पक्षाघातानं अंथरुणाला खिळलेल्या. पहाटे उठून त्यांचं डायपर बदलायचं, पेज भरवायची, औषधं द्यायची, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस पालटायची. रात्रीही दोनतीनदा हाक येते. एका पहाटे तिला स्वप्न पडतं, की ती सासूबाईंच्या तोंडावर उशी दाबून उभी आहे. खालचा हात हलतो, मग हलायचा थांबतो. आणि स्वप्नातच तिच्या मनात येतं, की गॅसवर दूध ठेवलंय, उतू जाईल. ती दचकून उठते, धावत जाऊन सासूबाईंचा श्वास चाललाय का बघते. पुढे कित्येक दिवस तिला ती उशी हातात घ्यायला नको वाटते. नवऱ्याला सांगावं तर तो काय म्हणेल? तिला उशीपेक्षाही जास्त छळतं ते दूध. आपण इतक्या थंडपणे कसं करू शकलो?

आधी हे स्वप्न किती विरळा आहे ते बघू. कॅल्विन हॉल आणि रॉबर्ट व्हान डी कासल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1966 मध्ये स्वप्नांच्या मोजणीची एक पद्धत प्रसिद्ध केली. त्यासाठी त्यांनी शंभर विद्यार्थी आणि शंभर विद्यार्थिनी, प्रत्येकी पाच स्वप्नं, अशी हजार स्वप्नं वाक्यावाक्यानं तपासली. जवळपास निम्म्या स्वप्नांत कुठल्या ना कुठल्या प्रकारचं वैर होतं. त्यात मनातल्या रागापासून खुनापर्यंत सगळं आलं. मुलामुलींत फार फरक नव्हता, फक्त मुलांच्या स्वप्नांत हाणामारी अधिक होती. स्वप्न बघणारा बहुतेक वेळा मार खाणारा होता, पण मारणाराही काही थोडा वेळा नव्हता. ही सगळी साधी, कॉलेजात जाणारी पोरं होती.

आता तो थंडपणा. रात्रीत चारपाच वेळा आपण झोपेच्या एका खास अवस्थेत जातो. त्यात बंद पापण्यांखाली बुबुळं भराभर हलतात. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तिला रेम झोप म्हणतात. प्रौढ माणसाच्या झोपेचा पाचवा ते चौथा हिस्सा या अवस्थेत जातो, त्यातला मोठा भाग पहाटेकडे येतो, आणि गोष्टीसारखी रंगलेली स्वप्नं प्रामुख्यानं याच वेळी पडतात. 1990 च्या दशकात झोपलेल्या माणसांच्या मेंदूची चित्रं घेतली गेली, तेव्हा दिसलं, की या वेळी भीती आणि राग हाताळणारा खोलवरचा भाग चांगला जागा असतो. मात्र कपाळामागच्या ज्या भागांच्या जोरावर आपण थांबतो, परिणामांचा विचार करतो, ‘हे मी काय करतोय’ असं स्वतःला विचारतो, ते बऱ्याच अंशी मंदावलेले असतात. स्वप्नात मेलेले आजोबा शेजारी येऊन बसले तरी आपल्याला नवल वाटत नाही, ते यामुळेच. तारतम्यच जागेवर नसतं. उशी दाबताना दुधाची आठवण येणं हे त्याच जातीचं आहे. त्या बाईचा सद्‌सद्विवेक स्वप्नात हरला असं म्हणता येत नाही, कारण तो तिथे हजरच नव्हता. ती जागी झाली आणि श्वास बघायला धावली, तेव्हा तो कामावर परतला.

यावर कुणी म्हणेल, की विवेक झोपला म्हणूनच आतलं खरं रूप बाहेर आलं. हा आक्षेप वजनदार आहे. त्याचं उत्तर एका विचित्र आजारातून मिळतं.

रेम झोपेत निसर्ग आपलं अंग जवळजवळ लुळं करून ठेवतो. श्वासाचे आणि डोळ्यांचे स्नायू सोडले, तर बाकी शरीराला मेंदूच्या देठातून कुलूप लागतं. फ्रान्समधल्या लिआँ शहरात मिशेल जुव्हे या संशोधकानं 1960 च्या आगेमागे मांजरांच्या मेंदूतली ती जागा निकामी करून पाहिली. मांजरं गाढ झोपेतच उठली, दबा धरून बसली, नसलेल्या शत्रूवर झेपावली. 1986 मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात कार्लोस शेंक आणि मार्क माहोवाल्ड या डॉक्टरांनी अशीच माणसं जगासमोर आणली. बहुतेक पन्नाशीपुढचे पुरुष. झोपेत ते ठोसे मारत, लाथा झाडत, पलंगावरून उडी घेत. शेजारी झोपलेल्या बायकोला मार बसे. जागं केल्यावर ते सांगत, की कुणीतरी घरात घुसलं होतं, कुत्रा अंगावर आला होता, मी हिला वाचवत होतो.

म्हणजे ज्यांची स्वप्नं बाहेरून बघता येतात, अशी ही माणसं. आतलं खरं रूप स्वप्नात प्रकटत असेल, तर हे लोक दिवसाही तापट, हात उचलणारे निघायला हवेत. मारिया लिव्हिया फांतिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये नेमकं हेच तपासलं. असे 41 रुग्ण आणि तुलनेसाठी 35 निरोगी माणसं घेतली. दोन्ही गटांची आठवणीतली स्वप्नं लिहून घेतली आणि दिवसाच्या आक्रमकतेची प्रश्नावली भरून घेतली. रुग्णांच्या स्वप्नांत हाणामारी कितीतरी जास्त निघाली. दिवसाच्या वागण्यात मात्र त्यांची आक्रमकता जास्त नव्हती. शारीरिक मारझोडीच्या बाबतीत तर ती निरोगी माणसांपेक्षा कमीच भरली. घरच्यांना विचारलं, तर अनेकदा हेच ऐकू येतं, की हा इतका शांत माणूस, झोपेत काय होतं कुणास ठाऊक.

याला एक पुरवणी जोडायला हवी. ज्या स्वप्नात माणूस धडपडून जागा होतो, तेच त्याच्या लक्षात राहतं, त्यामुळे हिंसक स्वप्नांची संख्या फुगत असेल अशी शंका होती. 2012 मध्ये दुसऱ्या एका गटानं पुन्हा तपासणी केली, तेव्हा अशा रुग्णांच्या स्वप्नांत जास्तीची हिंसा त्यांना आढळली नाही. हा वाद अजून मिटलेला नाही. पण आपला मुद्दा त्यावर अडून राहत नाही. स्वप्नं जास्त हिंसक असोत वा नसोत, दिवसाचा माणूस त्यातून ओळखता येत नाही.

मग ती म्हण साफ खोटी का? नाही. स्वप्नाचं सामान दिवसातूनच येतं. उशी, दूध, सासूबाई, अपुरी झोप, सगळं तिच्या घरातलंच. चिडचिडीच्या, ताणाच्या दिवसांत स्वप्नंही चिडकी होतात. ‘कधी सुटेन यातून’ हा विचारही तिच्या मनात शंभरदा येऊन गेला असेल. सुटका हवी असणं आणि मरण हवं असणं यांत फरक आहे, पण स्वप्नाला तो करता येत नाही. आणि जागेपणीही कुणाचं वाईट चिंतणं हा काही मोजक्या दुष्टांचा मक्ता नाही. डग्लस केनरिक आणि व्हर्जिल शीट्स यांनी 1993 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत अमेरिकन विद्यार्थ्यांना विचारलं, की कधी कुणाला ठार मारण्याची कल्पना मनात आली का. निम्म्याहून बऱ्याच जास्त मुलांनी आणि मुलींनीही हो म्हटलं.

फ्रॉइडची भूमिका यात जरा अवघड आहे. जवळच्याच्या मरणाच्या स्वप्नामागे इच्छा असते असं तो मानत असे, पण ती आजची असेलच असं नाही, लहानपणीची, केव्हाच मागे पडलेलीही असू शकते, हेही तो सांगे. पुढे 1925 मध्ये त्यानं लिहिलं, की स्वप्नातल्या वाईट ऊर्मी शेवटी माझ्याच, त्यांची जबाबदारी झटकता येणार नाही. मला यातला पहिला अर्धा पटतो. ऊर्मी माझी आहे, हे कबूल. पण ऊर्मी येणं आणि ती हाताला धरून नेणं यांमध्ये जे उभं असतं, त्यालाच आपण माणसाचा स्वभाव म्हणतो, आणि झोपेत नेमकं तेच रजेवर असतं.

स्वप्न दडपायचा प्रयत्न मात्र बहुधा उलटतो. डॅनियल वेगनर या मानसशास्त्रज्ञानं 2004 मध्ये विद्यार्थ्यांना झोपण्यापूर्वी एका ओळखीच्या माणसाचा विचार करायचा नाही असं बजावलं, तर तोच माणूस त्यांच्या स्वप्नात अधिक आला. उशी टाळणाऱ्या आपल्या बाईच्या स्वप्नात उशी परत येण्याची शक्यता त्यामुळे वाढतेच. तिनं नणंदेला बोलावून आठवड्यातल्या दोन रात्री तिच्यावर सोपवल्या, तर त्या स्वप्नावर याहून चांगला उपाय मला तरी सुचत नाही.

काळजी करण्यासारख्या गोष्टी वेगळ्या आहेत. झोपेत हातपाय प्रत्यक्ष चालत असतील, तर मेंदूच्या डॉक्टरांकडे जावं. रात्रभर तारा लावून झोपेची तपासणी केल्यावर निदान पक्कं होतं. काही नैराश्याच्या गोळ्यांनीही असं होतं. पण गोळ्या नसतानाही होत असेल, तर पुढच्या दहापंधरा वर्षांत यातल्या अनेकांना पार्किन्सन किंवा त्याच्या जवळचा आजार होतो, म्हणून नियमित तपासणी लागते. तोवर पलंगाजवळचं टोकदार फर्निचर हलवावं आणि बायकोनं काही काळ वेगळं झोपावं. एखाद्या खऱ्या आघातानंतर तेच ते स्वप्न वारंवार पडून झोपेची धास्ती बसली असेल, तर त्यालाही उपचार आहेत. आपण कुणाला इजा करू या भीतीनं कुणी दिवसभर सुऱ्या लपवत असेल, पुन्हापुन्हा खात्री करून घेत असेल, तर ते बहुधा मंत्रचळाचं लक्षण असतं. अशी माणसं त्या विचारानं हादरलेली असतात, म्हणूनच तर त्या सुऱ्या लपवतात.

एखाद्याचा राग दिवसा, पूर्ण जागेपणी, बेतात उतरू लागला, कधी, कुठे, कशानं याची जुळवाजुळव सुरू झाली, तर मात्र त्या घरात लगेच कुणीतरी मध्ये पडायला हवं, मग त्याला रात्री स्वप्न पडो की न पडो.