लादीपावाचा हिशेब, समितीपुढे

सहकारी बँकेच्या कर्ज समितीपुढे बेकरीवाला बोलायला उभा राहतो आणि निम्मा वेळ वडिलांच्या भट्टीच्या आठवणीत घालवतो. समितीला ऐकायचा असतो हप्ता. नमुन्यादाखल हे बोलणे पाहा:

“साहेब, ओव्हनसाठी सहा लाख हवेत. पाच वर्षे, बारा टक्के. हप्ता 13,347 रुपये. नव्या ओव्हनवर रोज शंभर लाद्या वाढतील. मैदा, यीस्ट, वीज, मजुरी वजा जाता लादीमागे सहा रुपये उरतात. सव्वीस दिवसांचे 15,600. दोन हॉटेलांची मागणी लेखी आणली आहे. ओव्हन बसेपर्यंत दोन महिने मुद्दल थांबवा, महिन्याचे सहा हजार व्याज मी भरतो.”

यात कच्चा दुवा आहेच. रोज पंधरा लाद्या परत आल्या, तर हातात 13,260 येतात. हप्त्याला 87 रुपये कमी. आणि परत आलेल्या लादीत मैद्याचे पैसेही बुडतात. म्हणून पुढचे वाक्य सगळ्यात मोलाचे:

“श्रावणात केक कमी खपतो, तेव्हा आजच्या धंद्यातून घरखर्च जाऊन उरणारे नऊ हजार हप्त्याला लावीन. गेल्या बारा महिन्यांचा खातेउतारा सोबत आहे.”

उताऱ्यात ते नऊ हजार दिसले नाहीत, तर समिती तिथेच बोट ठेवते.