हालचाल दिसली की ‘एस्सेरे’?

इटालियनच्या पहिल्या पायरीवर ‘रिकाम्या जागा भरा’ या स्वाध्यायात पास्सातो प्रोस्सिमो हा भूतकाळ भेटतो. कंसात मूळ क्रियापद दिलेलं असतं आणि जागेत दोन शब्द भरायचे असतात. आधी ‘एस्सेरे’ किंवा ‘आवेरे’ या सहायक क्रियापदाचं रूप, मग कृदन्त. इथला सर्वांत पक्का गैरसमज असा, की हालचाल दाखवणारं क्रियापद असेल तर एस्सेरे घ्यायचं आणि उरलेल्यांना आवेरे. ‘आंदारे’ (जाणे), ‘आर्रिवारे’ (पोचणे), ‘पार्तीरे’ (निघणे) यांच्याबाबत हे जुळतं, म्हणून नियम खरा वाटतो. पण ‘काम्मिनारे’ (चालणे), ‘न्वोतारे’ (पोहणे) आणि ‘व्याज्जारे’ (प्रवास करणे) यांत हालचालीशिवाय दुसरं काय आहे? तिन्ही आवेरे घेतात. उलट ‘रिमानेरे’ म्हणजे जागच्या जागी राहणे, त्यात हालचालीचं नाव नाही, आणि ते एस्सेरे घेतं. ‘कोर्रेरे’ (धावणे) तर दोन्हीकडे जातं. तासभर धावलो असं सांगायचं तर आवेरे, धावत घरी गेलो असं सांगायचं तर एस्सेरे.

यावर कोणी म्हणेल की नवशिक्याला ढोबळ नियम पुरतो, अपवाद नंतर पाहू. अडचण अशी, की तितकाच सोपा आणि जास्त भरवशाचा प्रश्न हाताशी आहे. वाक्यात थेट कर्म आहे का? असेल तर आवेरे, मग क्रियापद कुठलंही असो. स्वतःवर होणारी क्रिया दाखवणारी, ‘सी’ लागणारी क्रियापदं तेवढी वेगळी, ती नेहमी एस्सेरे घेतात. मराठी माणसाला हा फरक कानानंच कळतो. ‘मी पुस्तक संपवलं’ आणि ‘चित्रपट संपला’ यांना आपण वेगळी रूपं वापरतो. इटालियनमध्ये दोन्हीकडे ‘फिनीरे’च आहे, पण पहिल्यात ‘ओ फिनीतो’ (आवेरे) आणि दुसऱ्यात ‘ए फिनीतो’ (एस्सेरे). मात्र प्रश्न उलटा फिरवता येत नाही. ‘दोर्मीरे’ (झोपणे) आणि ‘रीदेरे’ (हसणे) यांना कर्म नसूनही आवेरे लागतं. त्यामुळे एस्सेरेवाल्या क्रियापदांची छोटी यादी पाठ करणं काही टळत नाही.

दुसरा गैरसमज कृदन्ताच्या शेवटच्या स्वराचा. एस्सेरे असेल तर तो कर्त्याप्रमाणे बदलतो, आवेरे असेल तर कधीच बदलत नाही, असं घोकलं जातं. पहिला अर्धा भाग खरा, दुसरा अपुरा. एक वाक्य घेऊ: जूलिया आणि मार्को बाजारात गेले, त्यांनी सफरचंदं घेतली आणि ती वाटेत खाल्ली. पहिली जागा आंदारेची, म्हणून ‘सोनो आंदाती’. एक स्त्री आणि एक पुरुष असल्यानं पुल्लिंगी अनेकवचनाचा ई. दुसरी जागा: ‘आन्नो कोंप्रातो ले मेले’. सफरचंदं (हो, इटालियनमध्ये ती ‘मेले’च) स्त्रीलिंगी अनेकवचनी आहेत, पण कृदन्ताच्या मागून येतात, म्हणून ओ तसाच राहतो. मराठी विद्यार्थी नेमका इथे चुकतो. ‘पोळी खाल्ली, भात खाल्ला’ ही सवय त्याला कर्माप्रमाणे शेवट बदलायला लावते. तिसऱ्या जागेत मात्र ती सवय बरोबर ठरते: ‘ले आन्नो मांजाते’. इथे ‘ती’ या अर्थाचं सर्वनाम ‘ले’ क्रियापदाच्या आधी आलं, म्हणून शेवटी ए. लो, ला, ली, ले ही सर्वनामं आधी आली की हा बदल सक्तीचा असतो. एकवचनात आणखी एक खोच आहे. ‘लो’ आणि ‘ला’ आवेरेपुढे स्वर गमावतात आणि दोन्हींचा नुसता ‘ल’ उरतो. लिंग त्या जागेत दिसतच नाही, ते मागच्या वाक्यात जाऊन शोधावं लागतं.

मग ‘मी’, ‘ती’, ‘ची’, ‘वी’ (मला, तुला, आम्हाला, तुम्हाला) या सर्वनामांचं काय, हा आक्षेप रास्त आहे. तिथे बदल ऐच्छिक आहे. ‘त्यानं आम्हाला पाहिलं’ यात कृदन्त ‘विस्तो’ किंवा ‘विस्ती’, दोन्ही चालतात, आणि उत्तरसूचीत एकच दिलं असेल तर दुसरं चूक ठरत नाही.

उरतो ‘प्याचेरे’ (आवडणे). ज्याला आवडलं तो कर्ता, असं धरून ‘मी स्पागेत्ती आवडवली’ अशा थाटात पुष्कळ जण आवेरे लिहितात. इंग्रजीतून शिकताना हे हमखास होतं. मराठीतून विचार केला तर चूक उद्भवतच नाही. ‘मला चित्रपट आवडला’ यात ‘आवडला’ चित्रपटाच्या मागे जातो, बोलणाऱ्याच्या नाही. इटालियनमध्येही तसंच. चित्रपट पुल्लिंगी, म्हणून बाई बोलत असली तरी ‘मी ए प्याचूतो’, आणि स्पागेत्ती अनेकवचनी, म्हणून ‘मी सोनो प्याचूती’. तेव्हा कंसातलं क्रियापद पाहून लगेच पेन टेकवू नका. आधी वाक्याचा कर्ता आणि कर्म यांच्याखाली रेघ मारा, क्रियापदाआधी सर्वनाम आहे का ते पाहा, आणि कृदन्ताचा शेवटचा स्वर सगळ्यांत शेवटी लिहा.