तुरुंगातल्या आईचं लेकरू पहिलीत येतं तेव्हा

शिक्षक-पालक मित्रांनो, आई तुरुंगात असेल आणि लेकराला सांभाळणारं दुसरं कोणी नसेल, तर ते ६ वर्षांचं होईपर्यंत तिच्याजवळ राहू शकतं. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये आर. डी. उपाध्याय खटल्यात हे ठरवून दिलं. ३ वर्षांपर्यंत पाळणाघर, नंतर बालवाडी.

६ वर्षं झाली की आईच्या इच्छेनुसार नातेवाइकाकडे, नाहीतर बालगृहात. म्हणजे आई दुरावते नेमकी पहिलीच्या वयात. नांदेड-लातूरकडेही असं लेकरू आजीचं बोट धरून आपल्या शाळेत येऊ शकतं.

तुरुंगात जन्म झाला तरी जन्मदाखल्यावर तुरुंग लिहायचा नसतो, फक्त त्या भागाचा पत्ता. दाखलाच नसला तरी शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १४ नुसार प्रवेश नाकारता येत नाही. मग "आई कुठंय?" हे वर्गात सगळ्यांसमोर विचारायचं कशाला?