नोकरी लांबली, हप्ता आला

भारतीय बँक संघाच्या आदर्श योजनेनुसार घेतलेल्या शैक्षणिक कर्जाची परतफेड सामान्यतः अभ्यासक्रमानंतर एका वर्षाने सुरू होते; परंतु नेमणुकीचे पत्र हाती असून रुजू होण्याची तारीख लांबली, तर त्याच योजनेत बेकारीच्या काळापुरती, एका वेळी सहा महिन्यांपर्यंत मुदतवाढ देण्याची तरतूद आहे, आणि ती मंजूर करणे बँकेच्या अखत्यारीत असल्याने अर्ज पहिला हप्ता थकण्यापूर्वीच गुदरावा.

अर्जास गुणपत्रिका व रुजू होण्याच्या नव्या तारखेचे पत्र जोडून शाखेकडून तारखेची पोच घ्यावी. तथापि पोच म्हणजे मंजुरी नव्हे, म्हणून सुधारित हप्तेपत्रक लेखी मिळेपर्यंत खात्यातून हप्त्याची आपोआप होणारी वसुली चालूच राहते, आणि शिल्लक अपुरी असल्यास ती परत जाऊन दंड लागतो.

मुदतवाढीत व्याज मात्र थांबत नाही. पाच लाख रुपयांच्या बाकीवर दरसाल 9.6 टक्के दराने दरमहा 4,000 रुपये, म्हणजे सहा महिन्यांत 24,000 रुपये साचतात. एवढे व्याज तरी दरमहा भरल्यास मुद्दल वाढत नाही.

रिझर्व्ह बँकेच्या 2023 च्या आदेशानुसार दंड व्याजदरात न मिसळता स्वतंत्र आकार म्हणूनच घ्यावा लागतो व त्यावर पुढे व्याज चढविता येत नाही. सबब खातेउताऱ्यात दंडाची रक्कम मुद्दलात मिळविलेली दिसल्यास शाखेकडे लेखी तक्रार करावी, आणि तीस दिवसांत निकाल न लागल्यास लोकपालाकडे दाद मागावी.