पुण्यातला एक मोल किती लिटरचा?

काळ्या कडप्प्याच्या ओट्यावर लिंबू कापून तसंच ठेवलं, की दुसऱ्या दिवशी तिथे एक फिकट, निस्तेज गोल दिसतो. कितीही घासला तरी तो जात नाही, कारण तो डाग नसतोच. कडप्पा हा चुनखडकच आहे. लिंबाच्या आम्लाने त्याचा वरचा पातळ थर खाल्लेला असतो आणि त्या थरातला कार्बन डायऑक्साइड हवेत निघून गेलेला असतो. देव्हाऱ्याच्या संगमरवरावर असाच गोल उमटतो. संगमरवर म्हणजे पृथ्वीच्या पोटात उष्णता आणि दाब सोसून नव्याने स्फटिक झालेला चुनखडक. दोघांचाही मुख्य घटक कॅल्शियम कार्बोनेट.

लिंबाच्या जागी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घेतलं, की हीच क्रिया डोळ्यांदेखत घडते. संगमरवराची बारीक खडी आम्लात टाकताच फसफसून बुडबुडे येतात.

CaCO₃ + 2HCl → CaCl₂ + H₂O + CO₂

समीकरण सांगतं की कॅल्शियम कार्बोनेटच्या एका मोलमागे कार्बन डायऑक्साइडचा एक मोल सुटतो. मोल ही मोजणीची राशी आहे: डझन म्हणजे १२, तसा मोल म्हणजे सुमारे ६०२ वर २१ शून्यं एवढे कण. कॅल्शियम कार्बोनेटच्या एका मोलचं वजन जवळजवळ १०० ग्रॅम भरतं. म्हणजे सुटलेल्या वायूचे मोल कळले, तर दगडात खरं कार्बोनेट किती होतं तेही कळतं. पण बुडबुड्यांतले मोल मोजायचे कसे? वायू तराजूत घालणं अवघड, त्याचं आकारमान मोजणं सोपं. अडचण सुरू होते ती आकारमानावरून मोलकडे येताना.

समजा, पुण्यातल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत मार्चमधल्या दुपारी हा प्रयोग मांडला आहे. छोट्या शंकूपात्रात २ मोलार आम्ल १० मिलिलिटर. पात्राच्या तोंडाला घट्ट रबरी बूच, बुचातून निघालेली नळी काचेच्या १०० मिलिलिटरच्या गॅस सिरिंजला जोडलेली. संगमरवराची पूड ०.३०० ग्रॅम, एका इवल्याशा नळकांड्यात, आम्लाला न लागेल अशी आत उभी केलेली. पात्र कलंडवलं की पूड आम्लात पडते. फेस उसळतो, सिरिंजचा दट्ट्या आधी भरभर आणि मग रेंगाळत मागे सरकतो. आम्ल गरजेच्या तिपटीहून जास्त घेतलं आहे, त्यामुळे कार्बोनेटचा कण उरायचा नाही. क्रियेत थोडी उष्णता निघते, म्हणून पात्र पुन्हा खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पाच-दहा मिनिटं थांबायचं आणि मगच आकडा वाचायचा. आकडा आला ७६ मिलिलिटर.

आता बहुतेक विद्यार्थ्यांचा हात आपोआप २२.४ या आकड्याकडे जातो. एक मोल वायू २२.४ लिटर जागा व्यापतो, हे वाक्य शाळेपासून पाठ असतं. ०.०७६ भागिले २२.४ म्हणजे ०.००३३९ मोल. त्याला १०० ने गुणलं की कॅल्शियम कार्बोनेट निघतं ०.३३९ ग्रॅम. पण पूड घेतली होती ०.३०० ग्रॅम! दगडात दगडाच्या वजनापेक्षा जास्त कार्बोनेट निघालं. वहीत ‘शुद्धता ११३ टक्के’ असं लिहून कुणी पुढे गेला, तर त्याने आकडेमोड केली पण उत्तराकडे पाहिलं नाही.

चूक सिरिंजची नाही, भागाकाराचीही नाही. २२.४ लिटर हा आकडा ० अंश सेल्सिअस तापमान आणि १ ॲटमॉस्फिअर, म्हणजे १०१.३ किलोपास्कल दाब यांचा आहे. बर्फ वितळतो त्या तापमानाला, समुद्रसपाटीवर. पुण्यातली मार्चची दुपार यांपैकी कशातच बसत नाही. काही पुस्तकांत २२.४ ऐवजी २२.७ असतं, तेही याच कारणाने: १९८२ पासून रसायनशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने प्रमाण दाब १ ॲटमॉस्फिअरऐवजी १ बार, म्हणजे नेमका १०० किलोपास्कल धरला. दाब किंचित कमी झाला, म्हणून वायूला जागा किंचित जास्त लागली. दोन्ही आकडे बरोबर आहेत, आपापल्या दाबाला.

तापमान आणि दाब कोणताही असो, मोलार आकारमान काढून देणारं सूत्र फ्रेंच अभियंता एमिल क्लापेरॉन याने १८३४ मध्ये आधीचे वायुनियम एकत्र करून मांडलं. आज आपण ते असं लिहितो:

PV = nRT

P हा दाब, V आकारमान, n मोल, T तापमान आणि R हा सर्व वायूंना सारखाच लागू होणारा स्थिरांक. दाब किलोपास्कलमध्ये आणि आकारमान लिटरमध्ये घेतलं तर R ची किंमत ८.३१४ घ्यायची. तापमान केल्विनमध्येच हवं: सेल्सिअसमध्ये २७३ मिळवायचे. २७ अंशांऐवजी ३०० लिहायला विसरलं, तर उत्तर अकरापट फुगतं. ही चूक मात्र लगेच उघडी पडते, कारण ०.३ ग्रॅम पुडीत ३ ग्रॅम कार्बोनेट कुणालाच पटत नाही.

राहिला दाब, आणि इथे पुणेकरांची खास फसगत होते. मोबाइलवर हवामान पाहिलं तर पुण्याचा दाब १०१० हेक्टोपास्कलच्या आसपास, म्हणजे १०१ किलोपास्कल दिसतो. पण तो समुद्रसपाटीला आणलेला दाब असतो. वेगवेगळ्या उंचीवरच्या गावांची हवा एकाच नकाशावर ताडून पाहता यावी, म्हणून हवामानशास्त्रात आकडा असा बदलून देतात. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे आणि तिथे हवेचा खरा दाब ९५ किलोपास्कलच्या जवळपास असतो. प्रयोगशाळेतल्या भिंतीवरचा दाबमापक हाच दाखवतो, आणि सिरिंजच्या दट्ट्याला बाहेरून रेटणारी हवा तीच.

आता ८.३१४ ला ३०० ने गुणून ९५ ने भागलं, की पुण्यातला एक मोल २६.३ लिटरचा निघतो. त्याच तापमानाला मुंबईत तो २४.७ लिटरचा असतो. महाबळेश्वरला हवा २७ अंशांना असेल, तर जवळजवळ २९ लिटरचा. दगड तोच, रेणू तेवढेच, पण डोंगरावर वरून रेटणारी हवा विरळ म्हणून ते जास्त पसरतात.

अजून एक पाहुणा मोजायचा राहिला आहे. सिरिंजमधला वायू पाणीमिश्रित आम्लावरून आलेला, म्हणजे ओला आहे. २७ अंशांना पाण्याच्या वाफेचा दाब सुमारे ३.६ किलोपास्कल असतो. एकूण ९५ मधला तेवढा वाटा वाफेचा, म्हणून तो वजा करून कोरड्या वायूचा दाब ९१.४ घ्यायचा. सूत्रात घातलं:

n = (91.4 × 0.076) ÷ (8.314 × 300) = 0.00279

०.००२७९ मोल, म्हणजे ०.२७९ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. पुडीचे ९३ टक्के. ११३ वरून ९३ वर, आणि सिरिंजवरचा आकडा तोच ७६.

मग हा संगमरवर ९३ टक्के शुद्ध म्हणायचा का? घाई करू नये. कार्बन डायऑक्साइड पाण्यात चांगला विरघळतो. सोड्याची बाटली त्यावरच चालते. २५ अंशांना एक मिलिलिटर पाणी शुद्ध कार्बन डायऑक्साइडखाली साधारण पाऊण मिलिलिटरहून जास्त वायू सामावून घेतं. पात्रात हवाही असल्यामुळे दहा मिलिलिटर आम्लात प्रत्यक्षात काही मिलिलिटरच अडकतात, पण ७६ मध्ये तेवढेही जाणवतात. हेन्री कॅव्हेंडिशला ही अडचण १७६६ मध्येच माहीत होती. संगमरवर आम्लात विरघळवून हा वायू जमवताना तो पाण्याऐवजी पाऱ्यावर धरून ठेवी. पाण्याने भरलेली नळी उपडी करून वायू गोळा करणाऱ्यांचं उत्तर नेहमी कमी येतं ते यामुळेच. आम्ल थोडंच घ्यावं, किंवा त्यात आधी एक जादा खडा विरघळवून ते या वायूने भरून ठेवावं, हा सोपा उपाय.

वायू आदर्श नसल्याने होणारी चूक मात्र या मापात नगण्य असते. ० अंशाला कार्बन डायऑक्साइडचा खरा मोल २२.४१ ऐवजी २२.२६ लिटरचा भरतो. खोलीच्या तापमानाला फरक अर्ध्या टक्क्याच्या आसपास राहतो. सिरिंज वाचण्यातली चूक त्याहून मोठी असते.

दगडाच्या जातीकडे मात्र लक्ष हवं. मकराण्याचा संगमरवर मुख्यतः कॅल्साइटचा, पण बाजारात संगमरवर म्हणून मिळणारे काही दगड डोलोमाइटचे असतात, म्हणजे त्यांत कॅल्शियमबरोबर मॅग्नेशियमही असतं. एक ग्रॅम डोलोमाइट एक ग्रॅम कॅल्साइटपेक्षा सुमारे ८ टक्के जास्त वायू देतो. अशा दगडाची शुद्धता सगळं चोख करूनही १०० च्या वर जाऊ शकते. थंड सौम्य आम्लात त्याची खडी रेंगाळत फसफसते, त्यावरून तो ओळखता येतो. शिवाय आम्ल हायड्रोक्लोरिकच का, याचंही उत्तर दगडाच्या पृष्ठभागावर सापडतं. सल्फ्युरिक आम्ल वापरलं तर खड्यावर जिप्समचं, म्हणजे कॅल्शियम सल्फेटचं कवच चढतं आणि फेस मध्येच थांबतो.

मातीतली चुनखडी मोजणारे लोक हेच तत्त्व कॅल्सिमीटर नावाच्या काचेच्या उपकरणात वापरतात. हलक्या, चुनखडीच्या जमिनीत संत्र्या-मोसंबीची पानं लोहाअभावी पिवळी पडतात, तिथे हा आकडा शेतकऱ्याच्या कामाचा असतो. मातीवर आम्लाचा थेंब टाकून फेस येतो का, एवढं पाहणं बांधावरही जमतं. फेसामागचं प्रमाण मात्र उपकरणालाच विचारावं लागतं. तिथे दाब, तापमान, वाफ आणि विरघळलेला वायू यांचा हिशेब दर वेळी मांडत बसत नाहीत. त्याच दिवशी, त्याच उपकरणात, तेवढ्याच आम्लात शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटचं ठरलेलं वजन घालून किती वायू येतो ते पाहतात आणि नमुन्याची तुलना त्याच्याशी करतात.

पुण्याच्या त्या दुपारीही तेच करता येईल. समजा ०.३०० ग्रॅम शुद्ध पुडीने दट्ट्या ७९ मिलिलिटरवर नेला. सूत्राप्रमाणे तो ८२ वर जायला हवा होता. मधले तीन मिलिलिटर आम्लात विरघळून राहिले. संगमरवराचे ७६ या ७९ शी ताडले, की शुद्धता निघते ९६ टक्के. पात्राच्या तळाशी उरलेला करडा गाळ गाळून, वाळवून तोलला, तर उरलेल्या चार टक्क्यांतली न विरघळणारी रेती आणि मातीही सापडते.