पत्र मराठीत, नोकरी परदेशात

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेची मुदतवाढ आणि प्रशिक्षणार्थींची आंदोलने मथळ्यांत येऊन गेली. त्यातली काही मुले आता परदेशी नोकऱ्यांसाठी अर्ज करताहेत आणि हातातली मराठी पत्रे इंग्रजी करून घ्यायला भाषांतरकाराकडे जाताहेत. गोची तिथेच होते.

समजा, एक पदवीधर मुलगी पंचायत समितीच्या पाणीपुरवठा विभागात सहा महिने होती. प्रमाणपत्रात लिहिलंय : ‘नोंदवह्या अद्ययावत करण्याच्या कामी साहाय्य केले.’ भाषांतरात हिची झाली ‘डेटा मॅनेजर’, आणि दरमहा दहा हजारांच्या विद्यावेतनाची झाली ‘सॅलरी’. भाषांतरकार म्हणतो, जरा वजन पडतं. वजन पडतं खरं, पण कंपनीने पडताळणीसाठी पंचायत समितीला ईमेल केला, की तिथला कारकून ‘अशी कुणी मॅनेजर आमच्याकडे नव्हती’ असंच कळवणार. कॅनडाच्या व्हिसा अर्जात अशी चुकीची माहिती सापडली, तर पाच वर्षे प्रवेशबंदी होऊ शकते. तेव्हा तिला ‘ट्रेनी’च म्हणावं, पैशाला ‘स्टायपेंड’ आणि कामाला ‘असिस्टेड इन अपडेटिंग रजिस्टर्स’. ‘साहाय्य’ गाळलं की हुद्दाच बदलतो.

कार्यमुक्तीच्या पत्राचा घोळ निराळा. ‘दि. ०५/०२/२०२५ रोजी म.नं. कार्यमुक्त करण्यात येत आहे.’ हे ‘म.नं.’ म्हणजे मध्यान्हानंतर, म्हणजे तो दिवस कामाचा धरलेला आहे. कुणी ते ‘नंबर’ समजतं, कुणी सरळ गाळतं. तारीख आकड्यांतच ठेवली, तर अमेरिकेतला वाचणारा २ मे समजेल, म्हणून महिना अक्षरी लिहावा. आणि कार्यमुक्तला ‘रिलीव्ह्ड’ म्हणावं. ‘टर्मिनेटेड’ वाचून परदेशी एचआर मुलीला काढून टाकलं असंच समजणार.

जावक क्रमांक, गोल शिक्का, न वाचता येणारी सही, सगळ्याची नोंद भाषांतरात हवी. नावाचं स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे. ब्रिटनच्या व्हिसासाठी भाषांतर बिनचूक असल्याचं निवेदन, तारीख, भाषांतरकाराचं पूर्ण नाव, सही आणि संपर्क लागतो. नोटरीचा शिक्का मारला की काम झालं, हा आपल्याकडचा लाडका गैरसमज. नोटरी सहसा सही आणि शपथ बघतो, भाषांतर ताडून पाहत नाही.

खरी अडचण मूळ कागदातच आहे. आपली कार्यालयं ‘काम समाधानकारक’ असं एका ओळीत लिहून मोकळी होतात, आणि परदेशी मालकाला तर नेमकं काय केलं तेच हवं असतं. ती कसर भाषांतरात भरून काढता येत नाही. मुलीने गटविकास अधिकाऱ्यांकडे अर्ज करून वेगळं अनुभवपत्र मागावं : कोणत्या नोंदवह्या, संगणकावर कोणतं काम, कुणाच्या देखरेखीखाली, आठवड्याचे तास किती. कार्यालयाने तेच पत्र लेटरहेडवर इंग्रजीत दिलं, तर त्यापुरता भाषांतरकाराचा खर्चही वाचतो. मसुदा आपणच लिहून न्यावा. साहेब तो वाचून, एखादी ओळ खोडून, सही करतात.