दिल्लीत ७ तासांचा लेओव्हर: शहरासाठी हातात किती वेळ उरतो?

आज एकच हिशोब करूया. समजा तुम्ही पुण्याहून गुवाहाटीला निघालात. सकाळी ९:३० ला दिल्लीच्या टी-३ ला उतरलात आणि पुढचं विमान तिथूनच ४:३० ला आहे. म्हणजे हातात ७ तास? नाही हो. मोजायचं उलटं, शेवटाकडून.

डोमेस्टिक फ्लाइटचं गेट साधारण २५ मिनिटं आधी बंद होतं, म्हणजे ४:०५ ला. सिक्युरिटीची रांग, गेटपर्यंतची लांबलचक चाल आणि वर थोडा बफर धरून टर्मिनलच्या दारात २:३० ला पोचायचं. एअरपोर्ट एक्सप्रेस मेट्रोला शहरातून सुमारे २० मिनिटं लागतात. स्टेशनपर्यंत चालणं आणि गाडीची वाट धरली, तर १:३० ला शहरातून निघायचं. ही वेळ फोनमध्ये अलार्म म्हणून लावा.

आता सुरुवातीकडून बघू. विमानातून बाहेर येऊन, सामान ठेवून मेट्रो पकडेपर्यंत १०:३० होतात. म्हणजे ११ ते १:३०, शहरासाठी अडीच तास.

तेवढ्यात एकच भाग बघा. शिवाजी स्टेडियम स्टेशनला उतरा. बंगला साहिब गुरुद्वारा तिथून चालत जाण्यासारखा आहे. डोकं झाकायला रुमाल तिथेच मिळतो, लंगरमध्ये जेवणही होतं. वेळ उरला तर जंतर मंतर. लाल किल्ला पुढच्या वेळी, कारण जुन्या दिल्लीच्या ट्रॅफिकचा अंदाज बांधता येत नाही.

सामानाचं काय? दोन्ही फ्लाइट्स एकाच पीएनआरवर असतील, तर पुण्यातच बॅगेचा टॅग वाचा. त्यावर GAU असेल तर चेक-इन बॅग थेट गुवाहाटीला मिळते. फक्त केबिन बॅग टी-३ च्या क्लोकरूममध्ये ठेवायची. कुलूप लावा, लॅपटॉप, औषधं आणि आयडी मात्र जवळच्या छोट्या सॅकमध्ये. पावतीचा फोटो काढा. टर्मिनलमध्ये परत शिरताना आयडी आणि बोर्डिंग पास दोन्ही लागतात.

तिकिटं वेगवेगळी असतील तर गणित बदलतं. बॅग बेल्टवरून घेऊन पुन्हा द्यावी लागते आणि तो काउंटर साधारण ६० मिनिटं आधी, म्हणजे ३:३० ला बंद होतो. मग क्लोकरूममधून बॅग काढायचा वेळही धरा आणि शहरातून १ वाजताच निघा. पहिली फ्लाइट लेट झाली म्हणून दुसरी चुकली, तरी दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही. आणि पुढची फ्लाइट टी-१ वरून असेल तर टर्मिनल बदलायचा वेळ वेगळा.

पहिलं विमान जेवढं लेट, तेवढा वेळ शहरातूनच कापायचा, बफरमधून नाही. शहरासाठी दीड तासापेक्षा कमी उरत असेल, तर बाहेर पडूच नका. फिरायच्या नादात फ्लाइट चुकली तर तो नो-शो धरतात, आणि त्याच तिकिटावरचा परतीचा प्रवासही रद्द होऊ शकतो. डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात तर उतरल्यावर आधी पुढच्या फ्लाइटचं स्टेटस बघा, मगच बाहेर पडायचं ठरवा.